गिझर बसवण्याआधी आपल्या घराची लाईन कशी तपासावी

सोसायटीतील सर्व सदस्यांना नमस्कार.

बेळगावात पावसाळा सुरू झाला की गच्चीवरच्या सोलरचं पाणी कोमट येतं, आणि मग घराघरात गिझर येतो. दुकानातला माणूस तो भिंतीवर टांगून देतो, जवळच्या प्लगला जोडतो आणि निघून जातो. तो प्लग कोणत्या लाईनवर आहे हे बहुतेक कुणी पाहत नाही. आपल्या इमारतीचं जुनं वायरिंग झालं तेव्हा घरात दिवे, पंखे, फ्रिज आणि मिक्सर एवढंच धरलं होतं. त्यामुळे बऱ्याच घरांत स्वयंपाकघर आणि बाथरूम एकाच लाईनवर आहेत. अशा लाईनवर गिझर घालण्याआधी पुढचं सगळं वाचा.

आधी बी विंगमधल्या एका घराचा हिशेब सांगतो. तिथे स्वयंपाकघर-बाथरूमची लाईन 1.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेची होती. पाईपात इतर तारांबरोबर दाटीने बसलेली अशी तार साधारण 13 अँपिअरपर्यंत निर्धास्त चालते. सकाळी त्या घरात 2000 वॅटचा गिझर, 1000 वॅटची इस्त्री, 750 वॅटचा मिक्सर आणि 150 वॅटचा फ्रिज एका वेळी चालू असायचे. बेरीज 3900 वॅट. 230 व्होल्टने भागलं की 17 अँपिअर येतात, म्हणजे तारेच्या क्षमतेपेक्षा 4 अँपिअर जास्त. फरक थोडा वाटतो, पण तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. 13 चे 17 झाले की उष्णता सुमारे 1.7 पट होते.

त्या घरातल्या काकूंनी विचारलं, "एमसीबी तर एकदाही पडला नाही, मग अडचण काय?" हा प्रश्न मला खूप घरांत विचारला जातो, म्हणून त्याचं उत्तर सविस्तर देतो.

पूर्वी तिथे किटकॅट फ्यूज होता. नंतर कधीतरी तो काढून 16 अँपिअरचा एमसीबी बसवला गेला, पण भिंतीतली तार तीच राहिली. 16 चा एमसीबी 16 ला पडत नाही. साधारण 18 अँपिअरपर्यंत तो तासभर न पडता चालू राहतो, आणि 23 अँपिअरच्या आसपास गेल्यावरच तासाभराच्या आत पडतो. म्हणजे 17 अँपिअर रोज सकाळी वाहत राहिले तरी एमसीबीच्या दृष्टीने सगळं ठीक असतं. तार मात्र तापत राहते. 15 लिटरचा गिझर एकदा तापायला थंडीत वीस-पंचवीस मिनिटं लागतात. चौघांच्या आंघोळी लागोपाठ झाल्या की तो तासभर तरी चालतो, म्हणजे तारेला थंड व्हायला वेळच मिळत नाही.

त्या घरचा बोर्ड उघडला तेव्हा स्क्रूजवळची तार तपकिरी पडली होती. बोटाने जरा वाकवली तर वरचं प्लास्टिक पापुद्र्यासारखं तुटून हातात आलं. तारेवरचं साधं पीव्हीसी आवरण सतत 70 अंशांच्या वर गेलं की कडक होतं आणि तडकतं. मग दोन तारा एकमेकींना टेकायला वेळ लागत नाही. सगळ्यात आधी हे घडतं ते जोडांवर आणि स्क्रूवर, कारण सैल जोडाची उष्णता वेगळीच असते. तुमच्या घरात ॲल्युमिनियमची तार असेल तर काळजी जास्त घ्या. तेवढ्याच जाडीची ॲल्युमिनियमची तार तांब्याच्या सुमारे तीन-चतुर्थांशच प्रवाह झेलते, आणि स्क्रूखाली ती वर्षागणिक सैलही होते.

आता तुमच्या घरी काय करायचं ते सांगतो.

पहिलं काम म्हणजे लाईन ओळखणं. दिवसा, कुणीतरी सोबत असताना, डीबीमधला, म्हणजे घरातले सगळे एमसीबी असतात त्या पेटीतला, एक एमसीबी खाली करा आणि घरभर फिरून कोणते प्लग, दिवे बंद झाले ते कागदावर लिहा. मग तो वर करून पुढचा घ्या. डीबीचं झाकण उघडू नका, फक्त खटके वरखाली करायचे. गिझरसाठी ठरवलेल्या प्लगबरोबर मिक्सर, फ्रिज किंवा वॉशिंग मशीन बंद होत असेल, तर ती सामायिक लाईन आहे.

मग त्या यादीतल्या प्रत्येक यंत्राच्या मागच्या पट्टीवरचे वॅट पाहून लिहा. गिझर धरून सकाळी एका वेळी जे चालतात तेवढ्यांचीच बेरीज करा आणि 230 ने भागा. उत्तर 10 च्या वर गेलं, तर जुन्या सामायिक लाईनवर गिझर नको असं माझं स्पष्ट मत आहे. 13 पर्यंत चालतं हे वर मीच लिहिलंय, पण भिंतीतल्या जोडांची हालत कुणालाच दिसत नाही.

गिझर आधीच बसलेला असेल तर तो अर्धा तास चालल्यावर तो बंद करून, कोरड्या हाताने स्विचची प्लेट बाहेरून चाचपून पाहा. प्लेट गरम लागली, पिवळी पडली असेल, जळक्या प्लास्टिकचा वास येत असेल किंवा गिझर लागताना बाथरूमचा दिवा मंद होत असेल, तर तो वापरणं थांबवा आणि मला कळवा. तोपर्यंत एमसीबी मोठा बसवून घेऊ नका. 16 च्या जागी 32 चा बसवला की तार वाचवणारं काहीच उरत नाही.

योग्य उपाय एकच, गिझरसाठी डीबीपासून स्वतंत्र लाईन. 2000 वॅटच्या गिझरला 8.7 अँपिअर लागतात. त्याला 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि 16 अँपिअरचा एमसीबी पुरतो. 3000 वॅटचा इन्स्टंट गिझर 13 अँपिअर घेतो, त्याला 4 चौरस मिलिमीटरची तार घ्यावी. स्विच बाथरूमच्या बाहेर, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा 20 अँपिअरचा डबल पोल, आणि डीबीत वीज गळू लागली की लाईन तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच.

काम करून घेताना एक गोष्ट डोळ्यांसमोर तपासा. वेळ वाचवायला काही वायरमन फेज नवीन ओढतात आणि न्यूट्रल जवळच्या जुन्या बोर्डातून घेतात. गिझर चालतो, सगळं छान दिसतं. पण गिझरचा सगळा प्रवाह जुन्या न्यूट्रलवरून परततो, शिवाय त्यावर स्वयंपाकघराचाही भार असतोच, आणि न्यूट्रलवर साधा एमसीबी नसतो. म्हणून डीबीपासून गिझरपर्यंत फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तिन्ही तारा नवीन हव्यात. अर्थ पाण्याच्या नळाला बांधलेला चालणार नाही.

हेस्कॉमच्या बिलावर मंजूर भार किलोवॅटमध्ये छापलेला असतो, तोही पाहा. तो 1 किंवा 2 असेल तर गिझर बसवण्याआधी भार वाढवण्याचा अर्ज करा. भाड्याने राहणाऱ्यांनी घरमालकांना आधी विचारावं.

नवीन लाईन झाल्यावर गिझर अर्धा तास चालवून डीबीची आणि स्विचची प्लेट बाहेरून चाचपा. कोमट लागली तर त्याच दिवशी वायरमनकडून स्क्रू आवळून घ्या. डीबीच्या झाकणावर त्या एमसीबीपाशी "गिझर" असं मार्करने लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी कुणी त्या लाईनवर वॉशिंग मशीन जोडणार नाही.

— सोसायटीचा इलेक्ट्रिशियन