मोबाइल गेम स्पर्धेत कॅप्टनचं स्वागताचं भाषण कसं तयार करावं

समजा मोबाइल गेम बनवण्याची ही स्पर्धा २४ तासांची आहे, शनिवारी सकाळी १० ते रविवारी सकाळी १०. कॅप्टनला पाच मिनिटं पुरतात. मिनिटाला शंभर शब्द धरून पाचशेच्या आत लिहा आणि घड्याळ लावून एकदा मोठ्याने वाचून पाहा. स्वागत आणि प्राचार्यांचे आभार दोन-तीन वाक्यांत उरका.

सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो पहिल्या बिल्डला, म्हणजे फोनवर चालणारी गेमची पहिली फाइल बनवण्याला. बहुतेक टीम गेम लॅपटॉपवरच चालवून बघतात आणि अँड्रॉइड फाइल शेवटच्या तासात बनवायला घेतात. तेव्हा कळतं की गेम बनवायच्या युनिटी सॉफ्टवेअरमध्ये अँड्रॉइडचं मॉड्यूल टाकलेलंच नाही. ते काही जीबींचं असतं आणि त्या वेळी हॉस्टेलचं वायफाय सगळेच वापरत असतात. म्हणून भाषणात स्पष्ट सांगा: "मित्रमैत्रिणींनो, दुपारी १ पर्यंत प्रत्येक टीमच्या फोनवर एक रिकामा गेम उघडला पाहिजे. नुसता रंगीत चौकोन दिसला तरी चालेल." केबलने फोन जोडायचा तर सेटिंग्जमध्ये Build number वर सात वेळा टॅप करून Developer options उघडायचं आणि USB debugging सुरू करायचं, हेही सांगा. पहिल्या वर्षाच्या अनेकांना हे माहीत नसतं आणि ते विचारायला लाजतात.

मग गेम केवढा करायचा ते सांगा. "छोटा ठेवा" एवढ्याने कुणाला काही कळत नाही, उदाहरण द्या. २०१३ साली आलेल्या 'फ्लॅपी बर्ड'मध्ये एकच टॅप होता, अडथळेही एकाच प्रकारचे, तरी तो जगभर खेळला गेला. याच मापाने टीमला म्हणा: एक स्क्रीन, एक हालचाल, हरण्याचं एक कारण. लेव्हल, दुकान, ऑनलाइन स्कोअर हे सगळं नंतर.

इथे स्वतःचा फोन एका हातात धरून दाखवा. अंगठा स्क्रीनचा खालचा कोपरा झाकतो, तिथे स्कोअर ठेवला तर खेळणाऱ्याला तो दिसतच नाही. बटण निदान ४८ डीपीचं, म्हणजे साधारण ९ मिलिमीटरचं हवं. माउसने तपासताना लहान बटणही नीट लागतं, त्यामुळे ही चूक लॅपटॉपवर लक्षात येत नाही.

गुण कसे देणार, फाइल कुठे जमा करायची आणि उशीर झाला तर काय, हे तीन वाक्यांत सांगा. बाहेरून घेतलेली चित्रं आणि आवाज चालतील का, हा प्रश्न हमखास येतो, त्याचं उत्तर परीक्षकांकडून आधीच घेऊन ठेवा.

थीम, म्हणजे गेमचा ठरलेला विषय, मात्र अगदी शेवटच्या वाक्यात. ती आधी सांगितली की टीम लगेच कुजबुजायला लागतात आणि पुढचे नियम कुणी ऐकत नाही. थीम जाहीर होताच नियमांचा कागद ग्रुपवर टाका.