सायकलने ऑफिस गाठताना या चुका टाळा

ऑफिस घरापासून पाच किलोमीटरवर असेल तर ते सायकलसाठी फार सोयीचं अंतर आहे. तरी हौसेने सुरुवात केलेले अनेक जण दोन-तीन आठवड्यांत सोडून देतात. कारणं बहुधा दोनच निघतात: ऑफिसला पोचेपर्यंत अंग घामाने चिंब होतं, नाहीतर गुडघे धरतात. दोन्हींवर उपाय आहेत.

घामाचं मूळ सकाळच्या घाईत आहे. सपाट रस्त्यावर ताशी 15 किलोमीटरने गेलात तर पाच किलोमीटरला 20 मिनिटं लागतात, ताशी 20 ने गेलात तर 15. म्हणजे वाचली पाच मिनिटं. पण वेग वाढला की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो, आणि या दोन वेगांत पायांना लागणारी ताकद जवळपास दुप्पट होते. स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेचा मोठा भाग, तीन चतुर्थांशाच्या आसपास, उष्णता होऊन बाहेर पडतो. चालत्या सायकलवर वारा ही उष्णता घेऊन जातो म्हणून ती जाणवत नाही. ऑफिसच्या दारात थांबलात की वारा बंद होतो, अंग मात्र तापलेलंच असतं, आणि खरा घाम तिथे सुटतो. मग पंख्याखाली दहा मिनिटं, कपडे बदलायला आणखी पाच. वाचवलेल्या वेळेपेक्षा जास्तच गेला!

म्हणून सकाळी बोलता बोलता चालवता येईल इतकाच वेग ठेवा आणि शेवटचा किलोमीटर मुद्दाम अगदी हळू घ्या. पाठीवरची सॅक काढून बॅग कॅरिअरला लावा. पाठ कोरडी राहण्यात याचा वाटा मोठा असतो. जोर लावायचाच असेल तर संध्याकाळी लावा, घरी आंघोळ असतेच. व्यायाम कमी पडेल ही भीतीही नको. रोज जाऊन-येऊन 40 मिनिटं, पाच दिवसांची 200 होतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही, ही यातली खरी बचत.

आता गुडघे. नवखे लोक सीट खाली ठेवतात, कारण थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले की सुरक्षित वाटतं. पण त्यामुळे गुडघा प्रत्येक फेरीत जास्त दुमडतो आणि वाटीवर ताण येतो. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल अगदी खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा. मग टाचेऐवजी चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो, आणि चालवताना तेवढाच हवा. दुखणं कुठे आहे त्यावरूनही अंदाज येतो: गुडघ्याच्या पुढे दुखलं तर सीट बहुधा खाली आहे, मागे दुखलं तर वर. चालवताना कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तरी सीट उंच झाली असं समजा. बदल एकदम करू नका. अर्धा सेंटिमीटर हलवा, दोन-तीन दिवस चालवून बघा.

सीट बरोबर असूनही पुढचा भाग दुखतोय? मग गिअर जड आहे. जड गिअर म्हणजे जास्त व्यायाम, हा समज गुडघ्यांना महागात पडतो. उजवा गुडघा 15 सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा. 15 पेक्षा कमी असेल तर हलका गिअर घ्या. 18 ते 20 च्या आसपास पाय सहज फिरतात. सिग्नलला थांबण्याआधीच गिअर हलका करून ठेवायची सवय लावा, कारण गुडघ्यांवर सगळ्यात जास्त जोर थांबलेली सायकल हलवताना येतो. सूज आली किंवा विश्रांतीतही दुखत राहिलं तर सीटशी खेळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

सायकल अचानक जड वाटायला लागली तर आधी हवा बघा. पंक्चर नसतानाही ट्यूबमधून हवा हळूहळू जातेच. किती हवा हवी ते टायरच्या बाजूला छापलेलं असतं. आठवड्यातून एकदा पंपाच्या काट्यावर पाहून भरा. पंक्चर काढताना ट्यूबवर शेजारी शेजारी दोन भोकं दिसली तर काटा शोधू नका. हवा कमी असताना चाक खड्ड्यात आपटून रिमने ट्यूब चिमटली आहे.

पायी जाणाऱ्यांची चूक वेगळी. पाच किलोमीटरला साधारण 50 ते 60 मिनिटं लागतात, म्हणजे दोन्ही वेळा चाललात तर दिवसाचे दोन तास. पहिल्याच आठवड्यात एवढं चालल्यावर नडगी दुखू लागते. जाताना किंवा येताना, एकाच वेळी चाला, तेही सुरुवातीला एक दिवसाआड. आणि वेग वाढवायचा तर पाऊल लांब टाकू नका, पावलं भरभर टाका. लांब पावलाने टाच शरीराच्या फार पुढे आपटते आणि तो दणका थेट नडगीला बसतो.