गिरणी संपावरच्या टर्म पेपरमध्ये रॅशनल चॉइसची गृहीतके तपासताना या चुका टाळा

राजकीय अर्थशास्त्राच्या टर्म पेपरसाठी मुंबईतले बरेच विद्यार्थी १९८२ चा गिरणी संप निवडतात, आणि ही निवड चांगली आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे ६० गिरण्यांतले सुमारे २.५ लाख कामगार त्यात उतरले आणि वर्ष उलटून गेले तरी संप अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही. मॅन्कर ऑल्सन यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सामूहिक कृतीच्या सिद्धांताप्रमाणे एवढ्या मोठ्या गटात असे घडायला नको होते. म्हणून हे उदाहरण हाताशी असले की सिद्धांताची चिकित्सा सोपी वाटते. मी अनेक वर्षे असे पेपर वाचतो आहे आणि त्यांतले बहुतेक एकाच ठिकाणी अडखळतात: मॉडेलचा निष्कर्ष ज्या गृहीतकावर उभा आहे ते तसेच राहते आणि टीका भलत्याच गृहीतकावर होते.

आधी मॉडेल काय म्हणते ते नीट मांडले पाहिजे. संप यशस्वी झाला तर पगारवाढ सर्वांना मिळते, संपावर गेलेल्याला आणि न गेलेल्यालाही. बुडालेला पगार मात्र ज्याचा त्याने सोसायचा असतो. मतदानाच्या चर्चेत रायकर आणि ऑर्डशुक यांनी १९६८ मध्ये वापरलेले सूत्र इथेही लावता येते:

```
R = PB − C + D
```

यात B म्हणजे यशाचा लाभ, P म्हणजे माझ्या एकट्याच्या सहभागामुळे यशाची शक्यता जेवढी वाढते तेवढी, C म्हणजे मला पडणारा खर्च आणि D म्हणजे सहभागातूनच मिळणारे समाधान किंवा कर्तव्यपूर्ती. समजण्यापुरते काल्पनिक आकडे घेऊ. पगारवाढीचे एकूण मोल १२,००० रुपये, एका कामगाराने यशाच्या शक्यतेत घातलेली भर एक लाखांश आणि बुडालेला पगार २,००० रुपये धरला, तर PB होतो अवघे १२ पैसे. १२ पैशांसाठी २,००० रुपये कोणी सोडणार नाही, म्हणून D वगळल्यास प्रत्येकाने घरी बसून इतरांच्या संपाचे फळ खावे, म्हणजेच फुकट्या व्हावे, असे उत्तर येते. हा हिशोब पेपरच्या पहिल्या दोन पानांत यायलाच हवा. तो नसेल तर पुढची टीका कशावर आहे हे वाचणाऱ्याला कळत नाही.

पहिली आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे “गिरणी कामगार स्वार्थी नव्हते, ते एकजुटीने लढले, म्हणून रॅशनल चॉइस चुकीचे ठरते” हे वाक्य. ते खरे असले तरी त्याने ऑल्सन यांच्या युक्तिवादाला धक्का लागत नाही. रॅशनल असणे म्हणजे पसंतीक्रम पूर्ण आणि सुसंगत असणे: कोणत्याही दोन पर्यायांची तुलना करता यावी, आणि अ हा ब पेक्षा व ब हा क पेक्षा बरा वाटत असेल तर अ हा क पेक्षाही बरा वाटावा. कोणाला काय आवडावे यावर यात काही बंधन नाही. स्वार्थ हे वरून घातलेले वेगळे गृहीतक आहे. त्यातही ऑल्सन यांनी स्वतःच स्पष्ट केले होते की मोठ्या गटातला सभासद स्वतःचे हित पूर्ण बाजूला ठेवणारा असला, तरी आपल्या एकट्याच्या वाट्याने काही फरक पडत नाही हे दिसल्यावर तोही हातभार लावणार नाही. परोपकारी कामगारासाठी B मोठा धरला, तरी त्याच्या एकट्याच्या सहभागाने यशाची शक्यता जाणवण्याइतकी वाढतच नसेल, म्हणजे P जवळपास शून्य असेल, तर PB मध्ये फारसे काही उरत नाही. युक्तिवादाचा आधार स्वार्थ नाही, P आहे: एका माणसाचा सहभाग कोणाच्या लक्षातही येणार नाही इतका क्षुल्लक असतो, आणि इतर काय करतात याच्याशी त्याच्या लाभाचा व खर्चाचा हिशोब जोडलेला नसतो, हे गृहीतक. टीका तिथे व्हायला हवी.

ही चूक झाली आहे की नाही हे ओळखायला एक साधी चाचणी आहे. आपल्या मसुद्यातल्या टीकेच्या परिच्छेदातून “स्वार्थ” हा शब्द काढून टाका. त्यानंतर परिच्छेदात काही शिल्लक राहिले नाही, तर टीका चुकीच्या जागी पडली आहे.

दुसरी चूक पहिलीच्या जवळची आहे. “माणसे असा हिशोब प्रत्यक्षात करत नाहीत” असे लिहून विद्यार्थी थांबतात. यावरचे उत्तर मिल्टन फ्रीडमन यांनी १९५३ मध्येच दिले होते: गृहीतके वास्तवाशी जुळतात की नाही यापेक्षा भाकीत जुळते की नाही हे पाहावे. फ्रीडमन पटले नाहीत तरी त्यांना उत्तर द्यावेच लागते, आणि ते देण्याचा एकच मार्ग मला खात्रीचा वाटतो: गृहीतक बदलले की भाकीतही कसे बदलते ते दाखवणे.

गिरणगावात हे दाखवता येते. लालबाग-परळच्या चाळींत एका खोलीत एकाच गावचे गाळेकरी पाळीपाळीने झोपत, जेवण एकाच खानावळीत होई आणि गावकीची मंडळे महिन्याची वर्गणी गोळा करत. अशा ठिकाणी कोण कामावर गेला हे लपत नाही, म्हणजे एकट्याचा सहभाग “लक्षात न येणारा” राहत नाही. समजा, कामगाराचा पसंतीक्रम असा आहे: सगळे संपावर असतील तर मलाही संपावर असायचे आहे, कोणीच नसेल तर मला एकट्याला मरायचे नाही. हा पसंतीक्रम पूर्ण आहे, सुसंगत आहे, म्हणजे पूर्णपणे रॅशनल आहे. पण आता खेळ फुकट्यांचा राहत नाही, परस्पर खात्रीचा होतो, आणि त्यात दोन समतोल असतात: सगळे बाहेर किंवा सगळे आत. कोणता घडेल हे इतर काय करतील याबद्दलच्या अंदाजावर ठरते.

मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये दिलेले उदाहरण इथे नेमके बसते. १०० माणसे घ्या. पहिला कोणाचीही वाट न पाहता उतरतो, दुसरा एक जण उतरल्यावर, तिसरा दोघे उतरल्यावर, असे करत शंभरावा ९९ जण उतरल्यावर. सगळे १०० उतरतात. आता फक्त दुसऱ्या माणसाचा उंबरठा एकऐवजी दोन करा. पहिला उतरतो आणि एकटाच राहतो. माणसे जवळपास तीच, सरासरी जवळपास तीच, पण परिणाम १०० ऐवजी १. ही टीका भक्कम आहे, कारण प्रत्येकाचा हिशोब सुटा मांडून नंतर बेरीज करता येते हे गृहीतक इथे कोसळते. गेट मीटिंग, पाळी सुटल्यावरची सभा, चाळीतली बैठक यांना मग पेपरमध्ये पार्श्वभूमी म्हणून नव्हे, कारण म्हणून जागा मिळते. इतरांचे उंबरठे ओलांडले गेले आहेत हे प्रत्येकाला डोळ्यांनी दिसण्याची ती ठिकाणे होती.

तिसरी चूक हुशार विद्यार्थी करतात. PB आणि C ने काम होत नाही हे कळल्यावर ते D मध्ये “सामाजिक दबाव”, “वर्गीय अस्मिता”, “गावकीची लाज” असे एकेक घालत जातात, आणि मॉडेल वाचले असे समजतात. जे घडले ते घडल्यानंतर D मध्ये भरले, तर मॉडेल कधीच चूक ठरू शकत नाही, आणि जे चूक ठरू शकत नाही ते काही सांगतही नाही. यावर उपाय म्हणजे D कोणासाठी जास्त आणि कोणासाठी कमी असेल हे आधी लिहून ठेवणे, आणि मग कामावर परतण्याचा क्रम पाहणे. उदाहरणार्थ बदली कामगार. कायम कामगार गैरहजर असेल तेव्हाच त्याला काम मिळे, आणि बदलींना कायम करावे ही संपाची एक मागणी होती. खर्चाचे मॉडेल म्हणते की रिकाम्या सांच्यावर लगेच जागा मिळण्याचा मोह त्यालाच सर्वाधिक असल्याने बदली कामगार सर्वांत आधी परततील. उंबरठ्याचे मॉडेल म्हणते की परतणे बदली-कायम अशा भेदाने होणार नाही, चाळीचाळीने आणि गावागावाने होईल. ही दोन भाकिते वेगळी आहेत. कामगारांच्या मुलाखतींचे छापील संग्रह घेऊन ती ताडून पाहता येतात, आणि एका टर्म पेपरसाठी एवढे काम पुरेसे आहे.

इथे कायद्याचा मुद्दाही येतो, तो बहुतेक पेपरमध्ये सुटतो याचे मला वाईट वाटते. मोठ्या संघटना टिकतात त्या सक्तीच्या सभासदत्वामुळे किंवा फक्त सभासदांनाच मिळणाऱ्या लाभामुळे, असे ऑल्सन यांनी कामगार संघटनांबद्दल मांडले होते. मुंबईत १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने कापड गिरण्यांत वाटाघाटींचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला दिला होता, आणि ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ होती. म्हणजे कायद्याने मिळणारे निवडक लाभ ज्या बाजूला होते, तिला सोडून कामगार दुसऱ्या बाजूला गेले. हा कायदाच रद्द करा ही संपाची एक मागणी होती. ऑल्सन यांच्या निवडक लाभांच्या गृहीतकाविरुद्ध यापेक्षा नेमका पुरावा क्वचित मिळतो.

चौथी चूक थोडक्यात सांगण्यासारखी आहे. संप फसला, म्हणून कामगार अविवेकी होते, असा उलटा निष्कर्ष काढू नये. निर्णय जानेवारी १९८२ मध्ये हाती असलेल्या माहितीवर तोलायचा असतो. सामंतांनी अभियांत्रिकी कारखान्यांत मोठ्या पगारवाढी मिळवून दिल्या होत्या, हे कामगारांच्या डोळ्यांसमोर होते. जुन्या यंत्रांवर चालणाऱ्या आणि यंत्रमागांच्या स्पर्धेने खिळखिळ्या झालेल्या कापड गिरण्यांच्या मालकांना संप लांबला तरी फारसे बिघडत नव्हते, हे मात्र गेटवरून दिसत नव्हते. ही माहितीची उणीव आहे, विवेकाची नव्हे, आणि तिची टीका पूर्ण माहितीच्या गृहीतकावर करावी लागते.

शेवटी प्रबंधविधान कसे बदलते ते पाहा. एका मसुद्यात असे होते: “१९८२ च्या संपाने सिद्ध होते की माणूस रॅशनल नसतो.” चर्चेनंतर तेच असे झाले: “१९८२ च्या संपातील सहभाग ऑल्सन यांच्या मॉडेलला समजावता येत नाही, कारण एका सभासदाचा सहभाग इतरांच्या निर्णयापासून सुटा आणि अलक्षित असतो हे त्याचे गृहीतक गिरणगावातल्या चाळ-गावकीच्या वस्तीला लागू पडत नाही, कामगारांचे पसंतीक्रम सुसंगत होते असे धरूनही हा सहभाग स्पष्ट करता येतो.”