थंड आकडा ‘आता येणारच’ असे समजण्याची चूक

कोल्हापुरात लॉटरीचे तिकीट घेताना मागील निकालांचा चार्ट पाहून आकडा ठरवणारे लोक भेटतात. वारंवार आलेला आकडा ‘गरम’ आणि बरेच दिवस न आलेला ‘थंड’, अशी त्यांची वाटणी असते. लक्ष्मीपुरीतील एक ग्राहक तिकिटाच्या शेवटच्या आकड्याचा चार्ट पाहत आहे आणि गेल्या २० सोडतींत ७ एकदाही आलेला नाही, असे समजू. ‘आता ७ लागणारच,’ असे त्याला वाटते.

येथे पहिली चूक चार्ट वाचण्याची आहे. ० ते ९ पैकी ठरावीक एक आकडा सलग २० सोडतींत न येण्याची शक्यता सुमारे १२ टक्के असते. पण आकडे दहा असल्याने अशा चार्टमध्ये सरासरी एखादा आकडा गायब असतो. १०० सोडतींत प्रत्येक आकडा सरासरी १० वेळा येणे अपेक्षित असले, तरी एखादा १५ वेळा आणि दुसरा ५ वेळा येणे हेही सर्वसाधारणच आहे. म्हणजे सोडत पूर्णपणे प्रामाणिक असली तरी गरम आणि थंड आकडे दिसणारच.

दुसरी चूक अधिक खोल आहे. तिला जुगाऱ्याचा भ्रम म्हणतात. दीर्घकाळात सर्व आकडे सारखे येतात, म्हणून मागे पडलेला आकडा आपली तूट भरून काढेल, असे मन मानते. प्रत्यक्षात तूट भरली जात नाही, ती फक्त मोठ्या संख्येत विरून जाते. ७ हा आकडा पहिल्या १०० सोडतींत ४ वेळाच आला, म्हणजे तो ६ ने मागे राहिला. पुढील ९०० सोडतींत तो अपेक्षेप्रमाणे ९० वेळा आला, तर १००० मध्ये त्याची संख्या ९४ होईल. प्रमाण ४ टक्क्यांवरून ९.४ टक्क्यांवर आले, पण ६ ची तूट जशीच्या तशी राहिली. यंत्राला मागील निकाल आठवत नाहीत. एकविसाव्या सोडतीतही ७ ची शक्यता दहात एक एवढीच असते, आणि पुढील सात सोडतींत तो एकदाही न येण्याची शक्यता जवळपास ४८ टक्के असते. याच समजुतीने रोज रक्कम दुप्पट करत जाणाऱ्याला १० रुपयांपासून सुरुवात केल्यास सातव्या हुकलेल्या सोडतीपर्यंत १,२७० रुपये गमवावे लागतात.

खात्री करायची असेल, तर जुना चार्ट मधोमध विभागावा, पहिल्या अर्ध्या भागातील सर्वांत गरम आणि सर्वांत थंड आकडे लिहून ठेवावेत आणि दुसऱ्या भागात ते किती वेळा आले हे मोजावे. बहुतेक वेळा दोन्ही सरासरीच्या आसपास सापडतात. यंत्रातच दोष असेल, तर एखादा आकडा खरोखर अधिक येऊ शकतो, परंतु १० ऐवजी ११ टक्के एवढा फरक १०० निकालांच्या चार्टवरून ओळखता येत नाही. त्यासाठी हजारो सोडतींची नोंद लागते.