सोसायटीच्या ग्रुपवर पाणी आणि लिफ्टची सूचना कशी लिहावी

नव्याने सेक्रेटरी किंवा मॅनेजर झालेले बहुतेक जण महापालिकेचं पत्रक आलं की फोटो काढून तसंच ग्रुपवर टाकतात आणि काम झालं असं समजतात. पुण्यात अशा पत्रकाचा मजकूर ठरलेला असतो: गुरुवारी पाणीपुरवठा बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणी येईल. पण हे महापालिकेच्या पाइपाबद्दल झालं. चौथ्या मजल्यावरच्या काकूंना हवं असतं ते वेगळंच: माझ्या नळाला पाणी किती वाजता येणार आणि किती वाजता जाणार? ते टाकीवर ठरतं, म्हणून लिहायला बसण्याआधी टाक्यांचा हिशोब करा.

आमच्यासारख्या 48 फ्लॅटच्या सोसायटीचं उदाहरण घेऊ. घरटी चार माणसं आणि माणशी 135 लिटर धरलं तर दिवसाला साधारण 26 हजार लिटर लागतं. खालची टाकी 40 हजारांची, वरची 15 हजारांची. बुधवारी पहाटेचं पाणी येऊन दोन्ही भरल्या की हाताशी 55 हजार लिटर. बुधवारीच त्यातले 26 हजार जातात, रात्री 29 हजार उरतात. गुरुवारी नेहमीसारखं वापरलं तर शुक्रवारी पहाटे तीन हजार राहतील, आणि तळातलं तेवढं पाणी पंपाला ओढताही येत नाही. म्हणजे बंद गुरुवारी असला तरी रड शुक्रवारी सकाळी, डबे-शाळेच्या वेळेला. त्यामुळे वेळा गुरुवारी बांधाव्या लागतात आणि सूचना मंगळवारी संध्याकाळीच जायला हवी. (फायरची टाकी या हिशोबात धरू नका. कोणी कितीही आग्रह केला तरी नाही.)

हिशोब झाला की मेसेज आपोआप छोटा होतो:

*पाणी – ए आणि बी विंग*
गुरुवार, 12 तारीख: सकाळी 6 ते 9, संध्याकाळी 6 ते 8.
शुक्रवार, 13 तारीख: सकाळी 6 ते 8. पुढची वेळ शुक्रवारी सकाळी 10 वाजता कळवू.
पाणी नसताना नळ बंद आहेत ना ते बघा. गीझर बंद ठेवा. शुक्रवारी सुरुवातीचं पाणी गढूळ असू शकतं, फिल्टर लगेच लावू नका.

पहिल्या ओळीच्या दोन्ही बाजूंच्या चांदण्यांमुळे व्हॉट्सॲपवर ती ठळक दिसते. बादल्या भरून ठेवा असं मुद्दाम लिहिलेलं नाही. ते वाचलं की प्रत्येक घर पिंप भरतं, शुक्रवारी ते ओतून देतं, आणि वेळा बांधून वाचवलेलं पाणी तिथेच जातं. नळाची ओळ मात्र कधीही गाळू नका. कोरडा नळ उघडा टाकून कुलूप लावून गेलेलं एक घर पुरतं. पाणी आलं की खालच्या घराचं छत गळायला लागतं. दिवसाचं नाव आणि तारीख दोन्ही द्या, कारण हा मेसेज कोणी दुसऱ्या दिवशी फॉरवर्ड करणारच.

इंग्रजी मजकूर भाडेकरूंसाठी लागतो. तो मराठीच्या खाली जोडला तर मेसेज लांबतो, अर्धा दडतो आणि नेमका इंग्रजी वाचणाऱ्यालाच तो उघडावा लागतो. म्हणून पाठोपाठ दोन वेगळे मेसेज टाका. ओळींचा क्रम आणि आकडे दोन्हीकडे तेच. इंग्रजीत वेळेपुढे एएम-पीएम आलंच पाहिजे, मराठीत सकाळ-संध्याकाळ. खरी गडबड होते ती वेळ बदलल्यावर: मराठी सुधारला जातो, इंग्रजी तसाच राहतो. व्हॉट्सॲपवर मेसेज 15 मिनिटांपर्यंतच दुरुस्त करता येतो. त्यानंतर दोन्ही काढून टाका आणि वर ‘सुधारित’ लिहून दोन्ही नव्याने टाका. मराठी मेसेज 24 तासांसाठी पिन केला तर इंग्रजीही करा.

लिफ्टचं वेगळं असतं. पाण्याची वेळ आपल्या हातात, लिफ्टची मेकॅनिकच्या. दार सेन्सर बदलायला आलेला माणूस दोन तास म्हणतो, उघडल्यावर कळतं की पार्ट गोडाउनमधून यायचा आहे. म्हणून कधी सुरू होईल ते छातीठोकपणे लिहू नका, पुढची खबर कधी देणार ते लिहा: ‘बी विंगची डावी लिफ्ट आज, बुधवार 11 तारखेला, सकाळी 11 पासून बंद. उजवी चालू आहे. पुढची माहिती दुपारी 2 वाजता.’ आणि दोनला नवीन काही नसलं तरी ‘अजून काम चालू आहे, पुढची माहिती 5 वाजता’ एवढं टाकाच. नाहीतर सव्वादोनला फोन सुरू होतात.

विंगला एकच लिफ्ट असेल तर ग्रुपवर टाकून भागत नाही. डायलिसिसला जाणारे, व्हीलचेअरवरचे, त्या दिवशी सामान हलवणारे, अशा घरांना आदल्या दिवशी फोन करा आणि जमलं तर त्यांच्या वेळेनुसार मेकॅनिकला बोलवा. काम चालू असताना मेकॅनिक लिफ्ट मध्येच वर-खाली करून बघतो, तेव्हा ती चालू झाली असं समजून मुलं आत शिरतात. त्यासाठी ग्रुपपेक्षा प्रत्येक मजल्यावर दाराला लावलेला कागद जास्त उपयोगी पडतो, तोही दोन्ही भाषांत आणि मोठ्या अक्षरात.