या चुका टाळा: एक पंप बंद पडला आणि स्क्रीन लाल झाली, असं का होतं?

बडोद्यात नंदेसरी-कोयलीकडे शिफ्ट करणाऱ्या आपल्या मंडळींना हे नवीन नाही, हॉर्न वाजला की हात आपोआप ॲकनॉलेजवर जातो, वाचणं नंतर. तिथेच धोका आहे. १९९४ मध्ये वेल्समधल्या मिलफर्ड हेवन रिफायनरीत स्फोटाआधीच्या शेवटच्या साधारण ११ मिनिटांत २७५ अलार्म आले होते, एवढे कोण वाचणार हो?

पहिली चूक डेडबँडची. समजा फीड टँकची लेव्हल नॉर्मलला ७६ टक्के, हाय अलार्म ८० ला, ट्रिप ९० ला. लेव्हल वाढून ८० जवळ आली की पाणी हलतं म्हणून रीडिंग ७९ ते ८१ नाचतं, आणि डेडबँड अर्धा टक्काच ठेवला असेल तर ८० ला अलार्म येतो, ७९.५ ला जातो, परत येतो, मिनिटात तीन-चार वेळा. मग कोणीतरी वैतागून लेव्हलचा सरसकट ५ टक्के डेडबँड टाकतो, आता अलार्म ७५ ला क्लिअर होणार, पण नॉर्मलच ७६ आहे ना! म्हणजे सगळं ठीक असूनही तो लिस्टमध्ये पडूनच राहतो. इथे ३ टक्के बरोबर, ७७ ला क्लिअर होतो. त्यावर ३० सेकंदांचा ऑन-डिले चालेल का, तर टँक जास्तीत जास्त किती वेगाने भरतो ते ट्रेंडवर बघा. मिनिटाला २ टक्के असेल तर ट्रिपपर्यंत ५ मिनिटं आहेत, त्यातलं अर्धं मिनिट गेलं तर चालतं. मिनिटाला १० टक्के असेल तर अजिबात नको.

प्रायॉरिटी पण अशीच ठरते, काही केलं नाही तर काय होईल आणि हातात वेळ किती. साधारण ८० टक्के लो, १५ मीडियम, ५ हाय असा हिशोब धरतात. आपल्याकडे प्रत्येक डिपार्टमेंटला आपला अलार्म हाय हवा असतो, आणि ऑपरेटरने करायचं काहीच नसेल तर तो अलार्मच नाही, इव्हेंट लॉगमध्ये टाका.

आता फ्लड, म्हणजे एका ऑपरेटरकडे १० मिनिटांत १० पेक्षा जास्त अलार्म. पंप ट्रिप झाला की डिस्चार्ज प्रेशर लो, फ्लो लो, मोटर करंट लो सगळे एकदम येतात, पण बातमी एकच असते. रन फीडबॅक गेला की त्याच पंपाचे हे लो अलार्म लॉजिकने दाबा आणि ट्रिपचा एकच ठेवा, पंप परत चालू झाल्यावर प्रेशर बनेपर्यंत थोडा टायमर द्या. फक्त कॉमन हेडरचा प्रेशर लो या यादीत घेऊ नका, कारण स्टँडबाय पंप उचललाच नाही हे तुम्हाला तोच सांगणार आहे.