कमी फ्लोला लूप डोलतो, जास्त फ्लोला सुस्तावतो: माझा अनुभव

लातूरकडच्या आमच्या कारखान्यातल्या पाण्याच्या लाइनवर, फ्लो सांभाळणाऱ्या कंट्रोल व्हॉल्व्हच्या लूपमध्ये हे चालू होतं. पीआयडी तीनदा ट्यून केला, पोझिशनर बदलला. आठवडा वाया गेला.

शेवटी लूप मॅन्युअलवर घेऊन व्हॉल्व्ह दहा-दहा टक्क्यांनी उघडला, दरवेळी फ्लो स्थिरावू दिला. 20 ते 30 टक्क्यांत फ्लो 16 घनमीटर प्रतितास वाढला, 70 ते 80 मध्ये फक्त 2. म्हणजे गेन आठपट बदलत होता! ट्रिम लिनियर, पण जास्त फ्लोला दाब पाइपच खातो, व्हॉल्व्हच्या वाट्याला थोडाच उरतो.

लाइन बंद असताना पोझिशनरमध्ये सुरुवातीला हळू, पुढे झपाट्याने उघडणारा इक्वल पर्सेंटेज कर्व्ह निवडला, पुन्हा स्टेप घेतल्या. आता 40 ते 90 टक्क्यांत दर स्टेपला 9 ते 16. जिथे 16 मिळाले, म्हणजे गेन सगळ्यात जास्त, तिथेच ट्यून केलं. डोलणं थांबलं.